ग्लँड, सील प्लेट आणि ठिबक: पंपाच्या सूचना फिटरसाठी मराठीत लिहिताना

पंपाचा शाफ्ट केसिंगमधून जिथे बाहेर येतो तिथे आतला द्रव अडवण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. एका पद्धतीत शाफ्टभोवतीच्या पोकळीत, म्हणजे स्टफिंग बॉक्समध्ये, पॅकिंगच्या रिंगा भरून त्या ग्लँडने दाबल्या जातात. दुसऱ्या पद्धतीत मेकॅनिकल सील बसवले जाते, म्हणजे एक फिरती आणि एक स्थिर अशा दोन अत्यंत सपाट रिंगा स्प्रिंगच्या जोराने एकमेकींवर टेकून राहतात. देखभाल विभागात नियोजनाचे काम करत असताना माझ्याकडे या दोन्हींच्या इंग्रजी सूचना मराठीत आणून फिटरच्या हातात देता येतील अशी कामाची कार्डे तयार करण्याचे काम आले. दोन्ही प्रकारच्या पंपांवर तेच फिटर काम करत होते. काही पंपांमधले पॅकिंग काढून त्याच स्टफिंग बॉक्सवर मेकॅनिकल सील बसवलेले होते. कामातली खरी अडचण याच गोष्टीतून निघाली.

त्याआधी बाहेरच्या एका संस्थेकडून करून घेतलेला अनुवाद विभागात पडून होता. त्यात ग्लँडला 'ग्रंथी', स्टफिंग बॉक्सला 'सारणपेटी' आणि लँटर्न रिंगला 'कंदील-कडी' म्हटले होते. फिटर मंडळी तो कागद एकमेकांना वाचून दाखवून हसत असत आणि नंतर इंग्रजी पुस्तिकेतली चित्रे पाहून काम करत. मात्र नावे विनोदी होती म्हणून तो अनुवाद निकामी ठरला असे मला वाटत नाही, कारण भागांची नावे फिटरकडे आधीपासूनच होती. शाफ्ट, स्लीव्ह, ग्लँड, बुश, ओ-रिंग, ग्रब स्क्रू हे शब्द कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते आणि मी ते तसेच ठेवले. फिटरला मदत हवी होती ती एकाच नावाचे दोन भाग वेगळे करण्यासाठी आणि काय पाहिल्यावर काय करायचे हे ओळखण्यासाठी.

पहिला गोंधळ 'ग्लँड' या शब्दाचाच होता. पॅकिंग असलेल्या पंपात ग्लँड म्हणजे रिंगांवर दाब देणारा भाग. त्याचे नट वेळोवेळी थोडे थोडे आवळावे लागतात, आणि ते फिटरच्या रोजच्या कामातच मोडते. मेकॅनिकल सीलच्या इंग्रजी पुस्तिकेतही 'ग्लँड' येतो, पण तिथे तो स्थिर रिंग धरून ठेवणाऱ्या आणि स्टफिंग बॉक्सच्या तोंडावर गॅस्केट किंवा ओ-रिंगसह पक्क्या बसणाऱ्या प्लेटचे नाव असतो. या प्लेटचे नट एकदा, समोरासमोरच्या क्रमाने, सांगितलेल्या टॉर्कपर्यंत आवळले की त्यांना पुन्हा हात लावायचा नसतो. पंप चालू असताना सीलमधून थेंब दिसला म्हणून ते जास्त आवळले, तर दाब रबिंग करणाऱ्या पृष्ठांवर जात नाही. प्लेट वाकते आणि तिच्यासोबत स्थिर रिंगही ताणली जाते. या रिंगांचा सपाटपणा हेलियमच्या प्रकाशात दिसणाऱ्या पट्ट्यांनी मोजतात आणि एक पट्टी म्हणजे साधारण 0.3 मायक्रॉन असते. दोन-तीन पट्ट्यांच्या आत सपाट केलेल्या रिंगेला डोळ्यांना कधीच दिसणार नाही एवढा बाक आला तरी गळती वाढते, आणि सिरॅमिकची रिंग असेल तर तिला तडाही जातो.

पॅकिंगवर वर्षानुवर्षे काम केलेल्या हाताला मात्र गळती दिसली की पाना उचलायची सवय झालेली असते. कार्डावर दोन्ही ठिकाणी 'ग्लँड' हाच शब्द असता, तर त्या सवयीला आम्हीच लेखी परवानगी दिल्यासारखे झाले असते. म्हणून 'ग्लँड' हा शब्द फक्त पॅकिंगसाठी राखून ठेवला आणि मेकॅनिकल सीलमधल्या भागाला सर्वत्र 'सील प्लेट' म्हटले. यावर आमच्या एका अभियंत्याचा आक्षेप रास्त होता. सुटे भाग मागवताना आणि नकाशा वाचताना फिटरला 'ग्लँड' हेच नाव दिसणार, मग दोन नावांची सांगड तो कशी घालणार? त्यासाठी सीलच्या प्रत्येक कार्डावर चित्राखाली एक ओळ घातली: 'नकाशात ज्या भागाला ग्लँड लिहिले आहे, ती आपली सील प्लेट. गळती कमी करण्यासाठी हिचे नट आवळू नका.' पुस्तिकेत ही मनाई इतक्या स्पष्टपणे लिहिलेली नव्हती. शब्दशः अनुवाद हवा असणाऱ्यांना ती भर वाटेल, पण मूळ पुस्तिका लिहिणाऱ्याने वाचकाला ही सवय असेल असे गृहीतच धरले नव्हते.

असाच दुसरा शब्द 'पॅकिंग'. कार्यशाळेत फ्लँजमधल्या गॅस्केटलाही सर्रास पॅकिंग म्हणतात, त्यामुळे 'पॅकिंग बदला' एवढ्या सूचनेवरून कोणी केसिंगचे गॅस्केट काढायला घेतले तर त्याला दोष देता येत नाही. कार्डावर 'ग्लँड पॅकिंग' आणि 'गॅस्केट' असे दोन वेगळे शब्द ठेवले. बोलताना कोणी दोरी म्हणो वा पॅकिंग म्हणो, लिखाणात हे दोनच. 'सील'च्या बाबतीतही बेअरिंगच्या घरातल्या ऑइल सीलशी गल्लत होते, म्हणून काम नोंदवताना 'मेकॅनिकल सील' हे पूर्ण नाव लिहायचे ठरले.

'फेस' या शब्दाने मात्र वेगळाच त्रास दिला. सीलच्या घासणाऱ्या पृष्ठाला सगळे फेस म्हणतात, पण देवनागरीत 'फेस' लिहिले की मराठी वाचकाला आधी साबणाचा फेस दिसतो. 'फेस आढळल्यास नोंद करा' हे वाक्य ज्या पंपातून फेसाळणारा द्रव जातो तिथे दोन्ही अर्थांनी बरोबर वाटते. 'घर्षणपृष्ठ' असा शब्द सुचवला गेला होता, पण तो कोणाच्या तोंडी बसला नाही. शेवटी 'सीलफेस' असा जोडून लिहिलेला शब्द घेतला. त्यातही 'फिरता सीलफेस' आणि 'स्थिर सीलफेस' असे दोन नेमके प्रकार केले, कारण इंग्रजी पुस्तिकांमध्ये या दोन रिंगांना बनवणाऱ्यागणिक वेगळी नावे असतात. काही पुस्तिका एकीला 'प्रायमरी' म्हणजे स्प्रिंगवर बसलेली रिंग म्हणतात. बहुतेक सीलमध्ये स्प्रिंगवरची रिंगच फिरते, पण काही सीलमध्ये स्प्रिंग स्थिर बाजूला असतात. त्यामुळे 'प्रायमरी'च्या जागी डोळे मिटून 'फिरता सीलफेस' लिहिणे धोक्याचे आहे. प्रत्येक सीलचे आडवे छेदचित्र पाहून कोणती रिंग शाफ्टबरोबर फिरते हे ठरवावे आणि मगच शब्द लिहावा, एवढा नियम मी स्वतःसाठी घालून घेतला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ग्लँड पॅकिंगच्या कार्डावर, आणि तोही गळतीच्या एका वाक्यापायी. मराठीत 'गळती' म्हटले की दोष, आणि दोष म्हटले की दुरुस्ती. पण ग्लँड पॅकिंगमधून थोडा द्रव बाहेर येणे आवश्यकच असते, कारण तोच रिंगा आणि शाफ्टवर चढवलेली स्लीव्ह यांच्यामध्ये वंगणाचे काम करतो आणि घर्षणाची उष्णता बाहेर नेतो. तो पूर्ण बंद केला की रिंगा करपतात, कडक होतात आणि स्लीव्हवर चर पाडतात. जुन्या अनुवादात 'किमान गळती राखावी' असे वाक्य होते. ते वाचून एका वरिष्ठ फिटरने मला विचारले, "किमान म्हणजे शून्यच ना?" त्यांचे वाचन मराठीच्या दृष्टीने चूक नव्हते. म्हणून पॅकिंगमधून द्रव गरजेपुरता बाहेर येण्याला 'ठिबक' आणि नको असताना बाहेर येण्याला 'गळती' असे दोन शब्द पक्के केले. ठिबक राखायची असते आणि गळती थांबवायची असते. मेकॅनिकल सीलच्या कार्डावर 'ठिबक' हा शब्द कुठेही वापरला नाही. नवे सील रुळेपर्यंत सुरुवातीला थोडे थेंब दिसू शकतात, पण सतत थेंब पडत राहिले तर ती गळतीच.

ज्या पंपावर हे कार्ड तपासले त्याची मापे सांगतो, म्हणजे वाक्ये कशी घडली ते कळेल. स्लीव्हचा बाहेरचा व्यास 50 मिमी, स्टफिंग बॉक्सचा आतला व्यास 75 मिमी. दोहोंतला फरक 25 मिमी, त्याचा अर्धा 12.5 मिमी, आणि हेच पॅकिंगचे माप. पुस्तिकेत याचे सूत्र होते. कार्डावर ते काढून टाकून 'बॉक्सच्या मापातून स्लीव्हचे माप वजा करा आणि उरलेल्याचे अर्धे करा' असे लिहिले. रिंगा हवेत अंदाजाने न कापता 50 मिमीच्याच एका गोल दांड्यावर पॅकिंग गुंडाळून कापायच्या, म्हणजे तोंडाला तोंड बरोबर भिडते. आत दोन रिंगा, मग लँटर्न रिंग, मग तीन रिंगा, आणि प्रत्येक रिंगेचा जोड आधीच्या जोडापासून पाव फेरा पुढे.

लँटर्न रिंग म्हणजे बॉक्सच्या छिद्रातून येणारे फ्लशचे पाणी पॅकिंगपर्यंत पोहोचवणारी पोकळ रिंग. तिच्याबद्दलचे इंग्रजी वाक्य 'फ्लशच्या छिद्राशी जुळवा' एवढेच होते. जुळवायचे केव्हा, हे त्यात नव्हते. ग्लँड आवळला की रिंगा दबतात आणि लँटर्न रिंग आत सरकते. भरताना ती छिद्राच्या बरोबर मध्यावर असली तर नंतर छिद्र तिच्या बाहेरच्या काठाकडे येते, आणि पुढच्या काही आवळण्यांनंतर पाणी थेट पॅकिंगच्या पाठीवर आदळू लागते. म्हणून कार्डावर लिहिले: 'लँटर्न रिंग छिद्रासमोर, पण किंचित ग्लँडच्या बाजूला ठेवा. ग्लँड आवळल्यावर ती आत सरकणार आहे.' कारण सांगणारे दुसरे वाक्य काढून टाकावे असे सुचवले गेले होते, मी ते ठेवले. 'किंचित' किती हे फिटर त्या कारणावरूनच ठरवतो.

पुढे आवळण्याची सूचना. पुस्तिकेप्रमाणे ग्लँडचे नट हाताने आवळून पंप सुरू करायचा, सुरुवातीला भरपूर द्रव वाहू द्यायचा आणि मग नट 'समप्रमाणात', एका वेळी नटाची एक बाजू एवढेच फिरवत ठिबक कमी करायची. मसुदा तपासायची पद्धत अशी होती की बंद ठेवलेल्या सरावाच्या पंपाजवळ एक फिटर कार्ड मोठ्याने वाचे आणि दुसरा फक्त ऐकून हाताने ते करी. जिथे हात थांबे तिथले वाक्य बदलायचे. 'समप्रमाणात' या शब्दावर हात थांबला. दोन्ही नट सारखेच फिरवायचे, की सारख्याच जोराने आवळायचे? खरे तर दोन्ही नाही. ग्लँड तिरका होऊन स्लीव्हला घासू नये हा हेतू आहे आणि तो मोजता येतो. अंतिम वाक्ये अशी झाली:

'दोन्ही नट पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी बसवा. ग्लँड आणि बॉक्सचे तोंड यांमधली फट दोन्ही बाजूंना मोजा, ती सारखी असली पाहिजे. पंप सुरू करा आणि द्रव मोकळा वाहू द्या. दहा ते पंधरा मिनिटांनी प्रत्येक नट एक बाजू, म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग, आवळा. पुन्हा तेवढाच वेळ थांबा. मिनिटाला 40 ते 60 थेंब ठिबक राहिली की आवळणे बंद करा. थेंब पंधरा सेकंद मोजून चारने गुणा.'

थेंबांचा हा आकडा या पंपासाठी आहे. शाफ्टचा व्यास, वेग आणि पॅकिंगचा प्रकार बदलला की पॅकिंग बनवणाऱ्याचा आकडा घ्यायचा, म्हणून प्रत्येक पंपाच्या कार्डावर ती जागा रिकामी ठेवून नियोजन विभागाने भरायची असे ठरले. विषारी किंवा पेट घेणाऱ्या द्रवाच्या पंपाला अर्थातच हे वाक्य लागू नाही, कारण तिथे ठिबकणारे पॅकिंग मुळात असूच नये.

ठिबक अचानक थांबून बॉक्स तापला तर काय करायचे, यावर फिटरमध्येच दोन मते होती. काही जण चालू पंपावरच नट मोकळे करत. तसे केले तर रिंगांचा संच एकत्रच मागे सरकून द्रव त्यांच्या बाहेरच्या अंगाने, बॉक्सच्या भिंतीलगत वाट काढू शकतो. तेव्हा ठिबक परत आल्यासारखी दिसते, पण स्लीव्ह आतून कोरडीच राहते. कार्डावर पंप थांबवून बॉक्स गार होऊ देणे आणि मग पुन्हा सुरू करणे असे लिहिले आणि कारण एका ओळीत दिले.

मेकॅनिकल सीलच्या कार्डावर शब्दांपेक्षा वाक्यांचा क्रम महत्त्वाचा ठरला. कार्ट्रिज सील, म्हणजे आधीच एकत्र जोडलेले सील, येते तेव्हा त्याचे फिरते आणि स्थिर भाग योग्य अंतरावर धरून ठेवण्यासाठी बाहेरून क्लिपा लावलेल्या असतात. कार्ट्रिज शाफ्टवर सरकवायची, सील प्लेट बॉक्सवर आवळायची, मग कॉलरचे ग्रब स्क्रू शाफ्टवर आवळायचे आणि सगळ्यात शेवटी क्लिपा काढायच्या. ग्रब स्क्रूच्या आधी क्लिपा काढल्या तर स्प्रिंगांचा दाब कॉलरला सरकवतो आणि सीलफेसमधले ठरलेले दडपण बिघडते. पुस्तिकेत मात्र 'क्लिपा काढा' हे क्रियापद वाक्याच्या सुरुवातीला आणि अट शेवटी होती. वाचता वाचता हात चालवणारा माणूस पहिल्या शब्दावरच क्लिपेला हात घालतो. मराठीची रचना इथे आपणहून मदत करते, कारण 'ग्रब स्क्रू आवळून झाल्यावरच क्लिपा काढा' या वाक्यात अट आधी येते. त्यावरून मी नियम केला की वाक्यातला क्रम आणि हाताचा क्रम एकच असावा, आणि 'त्यापूर्वी', 'तत्पूर्वी' असे मागे वळायला लावणारे शब्द कार्डावर नसावेत. सील काढतानाचा क्रम याच्या उलट: आधी क्लिपा परत बसवा, मग ग्रब स्क्रू सैल करा, मग सील प्लेटचे नट. तोही स्वतंत्र कार्डावर दिला, कारण 'उलट क्रमाने उतरवा' या तीन शब्दांत क्लिपा परत बसवायच्या असतात हे कोणालाच दिसत नव्हते.

फ्लश आणि क्वेंच या सीलकडे येणाऱ्या दोन प्रवाहांच्या नावांचे मात्र मी मराठी केले नाही. दोन्ही लहान नळ्या सील प्लेटलाच येऊन मिळतात आणि प्लेटवर एफ, क्यू आणि ड्रेनसाठी डी अशी अक्षरे कोरलेली असतात. 'धुण्याचे पाणी' आणि 'थंड करण्याचे पाणी' असे शब्द ठेवले असते तर फिटरला ती अक्षरे ओळखता आली नसती, आणि फ्लशमुळे सील थंडही राहते हे वेगळेच. त्याऐवजी नावापुढे जागा सांगितली. फ्लश द्रवाच्या बाजूला, सीलफेसच्या आत जातो. क्वेंच हवेच्या बाजूला, सीलफेसच्या बाहेर आणि कमी दाबाने जातो. एवढे कळले की नळ्या अदलाबदल होत नाहीत.

शेवटचा भाग होता उघडलेल्या सीलबद्दल फिटरने काय लिहायचे याचा. जुन्या नोंदींमध्ये बहुतेक ठिकाणी 'सील खराब, बदलले' एवढेच होते आणि त्यावरून कारण शोधता येत नसे. पण बोलताना तेच फिटर फार नेमके शब्द वापरत होते: करपले, चर पडला, काठ उडाला, तडा गेला, फुगले, कडक झाले. हे त्यांचेच शब्द घेऊन कार्डावर खुणा करायच्या चौकटी केल्या आणि प्रत्येकीचा भाग ठरवला. कठीण सीलफेसवर मध्यापासून बाहेर जाणारे बारीक तडे असतील तर बहुधा सील कोरडे चालले आहे. रुंद सीलफेसवर घासल्याची पट्टी समोरच्या अरुंद सीलफेसपेक्षा रुंद असेल तर शाफ्ट हलतो आहे किंवा संरेखन बिघडले आहे. ओ-रिंग कडक होऊन तडकली असेल तर उष्णता पाहायची, फुगून मऊ झाली असेल तर रबराचा प्रकार आणि द्रव यांचा मेळ पाहायचा. ईपीडीएमची ओ-रिंग पेट्रोलियम ग्रीस लावून बसवली तरी ती फुगते, आणि मग दोष पंपातल्या द्रवाला दिला जातो.

या चौकटी वापरात आल्यावर एक अडचण उरली. फिटर सील उघडल्याबरोबर सवयीने कापडाने पुसत आणि मग नोंद करायला बसत, तोपर्यंत सीलफेसवर साठलेला थर, कोकचे कण किंवा स्फटिक निघून गेलेले असत. त्यामुळे 'पुसण्याआधी दोन्ही सीलफेस पाहा, चौकटीत खूण करा, मगच स्वच्छ करा' ही ओळ सील काढण्याच्या कार्डावर सफाईच्या पायरीच्या वर घालावी लागली.